भगरीच्या पिशवीतलं पीठ

चांगुणाताई जेवत असताना त्यांच्याशी धंद्याचं बोलू नये, हे घोटीच्या त्या भगर मिलमध्ये लागल्यावर मला पहिल्याच आठवड्यात कळलं. कारण ते त्यांचं नुसतं जेवण नसतं. नवी बॅच पॅक झाली की ताई त्यातली एक पिशवी फोडतात, ऑफिसच्या कोपऱ्यातल्या शेगडीवर शिजवतात आणि शेंगदाण्याच्या आमटीबरोबर खातात. तोपर्यंत माझी गाडी भरून उभी असली तरी फाटकाबाहेर जात नाही. घास तोंडात असला की त्या बोलत नाहीत. खाऊन झालं, ताट विसळलं की म्हणतात, "जाऊ दे गाडी." मी नाशिक-दिंडोरी लाइनचा माल पोचवणारा आणि ऑर्डरी घेणारा माणूस. माझ्या आयुष्याचा बराच भाग त्या बाईचं चावून होण्याची वाट बघण्यात गेलाय.

ताईंचं माहेर पेठच्या डोंगरात. उतारावर वरई पेरायची, काढायची, उखळात कांडायची आणि डोक्यावरून बाजारात न्यायची, हे त्यांनी आईबरोबर केलेलं. त्या आईचं नाव कुसाबाई, म्हणून ब्रँडचं नाव 'कुसाई'. नवऱ्याची तांदळाची छोटी मिल होती. ताईंनी तिथे भगरीची यंत्रं बसवली, खडे वेगळे करणारं, टरफल काढणारं, कणी निवडणारं. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, बाईच्या जातीला झेपायचं नाही. ताईंनी उत्तर दिलं नाही, मिल चालवली. आज पॅकिंगला तीसेक बाया आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं घर नवरात्राच्या कमाईवर दिवाळी करतं.

मी मात्र तापट. माझी आई म्हणायची, रविराजला राग नाकावर नाही, जिभेवर असतो. म्हणून पितृपक्षातल्या एकादशीच्या दुसऱ्या दिवशी जे घडलं, त्यात ताई होत्या तशाच राहिल्या आणि मी पार उकळलो.

सकाळी गाडीत माल चढत असतानाच फोन सुरू झाले. पहिला दिंडोरीच्या मोतीराम शेटचा. त्यांच्या किराणा दुकानात आमचा सगळ्यात जास्त माल खपतो. "रविराज, तो मेसेज पाहिला का?" मी नव्हता पाहिला. फोन ठेवून तो उघडला.

फोटोत 'कुसाई'ची पिशवी होती, झिपवाली, पुढून पारदर्शक खिडकी असलेली. शेजारी दवाखान्यातली खाट, सलाइन लावलेला बाईचा हात. खाली लिहिलेलं: 'कुसाई भगर खाऊन दिंडोरीजवळ एकाच घरातले पाच जण गंभीर. कंपनी विषारी माल विकतेय. घरात असेल तर फेकून द्या. नवरात्राआधी सगळ्यांपर्यंत पोचवा.' सोबत कोणा बाप्याचा आवाज, रडवेला, की दोघं दगावले म्हणून.

दुपारपर्यंत तो मेसेज आमच्याच पॅकिंगच्या बायांच्या फोनवर आला. एकीच्या भावाने तिला लिहिलं होतं, 'तू तिथं कामाला जाऊ नको.' नाशिकच्या दोन दुकानदारांनी खोकी परत न्यायला सांगितलं. घटस्थापना तोंडावर. वर्षाचा निम्मा माल या दिवसांत जातो. हे नवरात्र गेलं असतं तर मिलला कुलूप लागलं असतं, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"कुणीतरी मुद्दाम केलंय," मी ऑफिसात ओरडलो. "त्या दुसऱ्या मिलवाल्याचंच काम. आपण पोलिसांत जाऊ. आणि ताई, तुम्ही मोबाइलसमोर बसून भगर खा. मी व्हिडिओ काढतो. बघू दे लोकांना!"

ताईंनी चष्मा लावला, माझा फोन घेतला, फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"मी खाल्लं म्हंजे तपासणी झाली का?" त्या म्हणाल्या. "माझ्या पोटात काय प्रयोगशाळा हाय? ते माझ्या मनाच्या समाधानाला असतं. लोकांना पुरावा लागतो." मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "हे बघ. खिडकीतून काय दिसतंय?"

मी पाहिलं. पिशवीत भगरीचे दाणे नव्हते. पीठ होतं.

आम्ही पीठ विकत नाही. कधीच विकलं नाही. भगर दळली की ती लवकर ओल धरते, तिला बुरशी लागते, आणि त्या बुरशीचं विष शिजवूनही जात नाही. म्हणून ताईंनी पिठाच्या ऑर्डरी अनेकदा परत केल्यात, त्यावरून मी त्यांच्याशी भांडलोही आहे. पिशवीच्या वरच्या कडेला शिक्का होता. बॅच महाशिवरात्रीच्या आधीची. तिची मुदतही पावसाळ्यात संपलेली.

"सापडलं!" मी टेबलावर हात आपटला. "आत्ता लिहून टाकतो. घरचंच पीठ आमच्या पिशवीत भरून खाल्लं आणि नाव आमचं! काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"आधी माणसं कशी हायेत ते बघू," ताई म्हणाल्या. "आणि आजपासून गाडी बाहेर जाणार नाय. मिलमध्ये जेवढ्या बॅच हायेत, त्यांचे राखीव नमुने सातपूरच्या प्रयोगशाळेत पाठव. महाशिवरात्रीच्या बॅचचाही. अन्न प्रशासनाला मीच फोन करते, येऊन नमुने न्या म्हणून."

प्रत्येक बॅचची एक पिशवी मिलमध्ये सीलबंद ठेवलेली असते, ती अशा वेळेसाठीच. पण स्वतःहून गाडी थांबवायची? आपली काही चूक नसताना? कर नाही त्याला डर कशाला, असं मी म्हटलं. ताई म्हणाल्या, "डर नाय. मला अजून माहीत नाय, म्हणून थांबते." अशा बाईचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

दिंडोरीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा कळलं, कोणी दगावलं नव्हतं. पाचपैकी तिघांना घरी सोडलं होतं. सासू मंगलाबाई खाटेवर होत्या. एकादशीला भगरीच्या भाकरी खाल्ल्यावर सगळ्यांना गरगरलं, उलट्या झाल्या, हात थरथरले. मंगलाबाईंना जास्त त्रास झाला होता. ताईंनी नाव सांगितलं तशी ती बाई उशीवरून उठली.

"तुमचीच ती भगर? आम्ही मेलो असतो की! लेकीचं पोर अजून लहान हाय घरात."

मी तोंड उघडणार होतो. ताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "तुम्ही बऱ्या व्हा," एवढंच त्या म्हणाल्या. "कशानं झालं ते शोधायलाच आले मी."

बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या टाकीजवळ मंगलाबाईंची सून उभी होती. वेदिका. लग्न होऊन वर्षही झालं नसेल. तिने भाकरी थापल्या होत्या पण मळमळतंय म्हणून स्वतः अर्धीच खाल्ली होती. आम्हाला पाहून ती भिंतीला टेकली.

"बाळ, पिशवीत पीठ होतं ना?" ताईंनी हळूच विचारलं.

ती आधी नाही म्हणाली. मग रडायलाच लागली. सासूबाईंनी बाजारातून सुटी भगर आणली होती. पावसाळ्यापूर्वी वेदिकेने ती दळून आणली, आणि 'कुसाई'ची रिकामी पिशवी चांगली होती, झिप होती, म्हणून धुऊन त्यात भरली. ओट्याखाली ठेवली. एकादशीला काढली तेव्हा थोडा कुबट वास आला, पण पावसाळ्यात सगळ्यालाच येतो असं तिला वाटलं. फोटो तिच्या दिरानं काढून मित्रांना पाठवला होता, काळजीनेच. पुढे 'दगावले' वगैरे कोणी चिकटवलं, ते कोणालाच माहीत नाही. पराचा कावळा असाच होतो.

"घरात सगळे म्हणतात दुकानची भगर खराब," ती म्हणाली. "मी गप्प बसले. खरं कळलं तर म्हणतील, नवी सून आली आणि घराला विष घातलं. माझ्या आईकडं परत पाठवतील मला. ताई, माझं नाव नका सांगू."

"पीठ कुठंय?"

ते तिने गोठ्यामागे लपवलं होतं. अन्न सुरक्षा अधिकारी सकाळी आले, तेव्हा तिने सगळं संपलं म्हणून सांगितलं. शेजारीण म्हणत होती, पुरून टाक.

त्या पिशवीतलं उरलेलं पीठ हाच आमचा खरा पुरावा. फोटोवर कोण विश्वास ठेवणार? आणि ती पोर उद्या पुरून टाकू शकत होती.

"पीठ टाकू नकोस," ताई म्हणाल्या. "साहेबांना दे. त्यात काय हाय ते डॉक्टरांनाही कळायला पाहिजे, तुझ्या सासूच्या औषधासाठी. तुझं नाव माझ्याकडून निघणार नाय."

"आणि नाही दिलं तर?" ती म्हणाली.

"तर नाय दिलं. मी तुझ्या गोठ्यात शिरणार नाय."

गाडीत बसल्यावर मी ताईंना वाटेल ते बोललो. तीस बायांची चूल एका पोरीच्या भरवशावर ठेवलीत म्हणालो. त्या खिडकीबाहेर द्राक्षाच्या बागा बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांचा फोन आला, की घरातलं उरलेलं पीठ पिशवीसकट मिळालं, सील करून विश्लेषकाकडे पाठवलंय. मला इतकं बरं वाटलं की मी गाडीच्या टपावर थाप मारली. पण त्या अहवालाला दोन आठवडे लागू शकतात, हेही ते म्हणाले. घटस्थापना तोवर होऊन गेलेली असणार. त्याच दिवशी त्यांनी मिलमध्ये येऊन आमच्या मालाचेही नमुने नेले, चार भागांत, सही-शिक्क्यानिशी.

आता निवेदन लिहायचं होतं. मी लिहिलेलं पहिलं निवेदन ताईंनी वाचलं आणि त्यातलं 'षड्यंत्र' खोडलं. मग 'समाजकंटक' खोडलं. मग 'आमच्या लोकप्रिय ब्रँडची वाढती घोडदौड न बघवल्यामुळे' हे अख्खं वाक्य खोडलं, ज्याचा मला विशेष अभिमान होता. 'शंभर टक्के सुरक्षित'वर त्यांची पेन्सिल थांबली.

"बॅच शंभर टक्के तपासली का? नमुने तपासले. जेवढं तपासलं तेवढंच लिही."

"ताई, लोक शाळेत नाहीयेत. त्यांना एकच वाक्य पाहिजे. पीठ त्या घरचं होतं. लिहू का?"

"आपल्याला माहीत हाय, पण ते सांगायचा हक्क आपला नाय."

मी पेन टेबलावर टाकलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. खरं सांगतो, त्या वेळी मला त्यांचा राग आला. चांगुलपणा घरात ठीक आहे, बाजारात त्याला गिऱ्हाईक नसतं, असं माझं मत होतं. आत आलो तेव्हा त्यांनी स्वतःच लिहून काढलं होतं. प्रयोगशाळेचा अहवाल आला तसा त्यात जोडला, आणि निवेदन दुकानादुकानांत लावायला, फोनवरून पाठवायला बाहेर पडलं:

'कुसाई भगरीबद्दल एक मेसेज फिरत आहे. त्याबद्दल आम्हाला माहीत आहे ते असं.

दिंडोरीजवळच्या एका कुटुंबातले पाच जण आजारी पडले, हे खरं आहे. कोणीही दगावलेलं नाही. सगळे बरे होत आहेत. आम्ही त्यांना भेटलो.

फोटोतली पिशवी आमची आहे. ती महाशिवरात्रीच्या आधीच्या बॅचची आहे आणि तिची मुदत संपली आहे. फोटोत पिशवीत पीठ दिसतं. आम्ही भगरीचं पीठ बनवत नाही आणि विकतही नाही. रिकामी चांगली पिशवी धुऊन वापरणं घराघरांत चालतं, आमच्याही घरी. त्यात कोणाचा दोष आम्ही काढत नाही.

त्या बॅचचा आणि सध्याच्या सर्व बॅचचा राखीव नमुना आम्ही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिला. बुरशीजन्य विषांच्या तपासणीत ते ठरलेल्या मर्यादेच्या आत आहेत. अहवाल सोबत आहे. बुरशीच्या वाढीच्या चाचणीला वेळ लागतो. तिचा अहवाल आणि अन्न प्रशासनाचा अहवाल, जसे येतील तसे, ते काहीही असले तरी, इथेच लावू.

भगर कोणाचीही असो, दळून साठवू नका. लागेल तेवढीच दळा. पावसाळ्यात ती कोरड्या जागी ठेवा. कुबट वास आला तर टाकून द्या. पिशवीवरची तारीख बघा. आमच्या मालाबद्दल शंका असेल तर दुकानात परत द्या, पैसे मिळतील. - चांगुणा गतीर'

खाली मिलचा फोन नंबर होता. फोन त्या स्वतः उचलत होत्या. कोणी शिव्या दिल्या तर पूर्ण ऐकून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, "तुमच्याकडच्या पिशवीवर बॅच नंबर काय हाय, सांगता का?"

काही लोक निवळले. पण बरेच जण म्हणाले, असं कसं, पीठ कोणाचं ते सांगत नाहीत म्हणजे यांचंच असणार. उचलली जीभ लावली टाळ्याला. मोतीराम शेटनेही कागद दाराला चिकटवू दिला, पण खोकी मागच्या खोलीतच ठेवली. "रविराज, मला पटतंय रे. गिऱ्हाईकाला पटायला पाहिजे." घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे उभा होतो, परत जाणारी खोकी मोजायची नाहीत म्हणून मुद्दाम दाराकडे तोंड करून. मिलमध्ये बाया यंत्राजवळ रिकाम्या बसल्या होत्या.

दुकानात गर्दी होती, उपासाच्या सामानाची. सात-आठ बाया दाराजवळ तो कागद वाचत कुजबुजत होत्या. तेवढ्यात मंगलाबाई आल्या. चेहरा उतरलेला, एका हाताने वेदिकेचा खांदा धरलेला. कोणीतरी म्हणालं, "हीच ती, भगरीनं आजारी पडलेली." सगळे बाजूला सरले. मला वाटलं, आता संपलं. ही बाई आता इथेच आमच्या नावानं खडे फोडणार.

"काय लिहिलंय गं?" मंगलाबाईंनी सुनेला विचारलं. "वाच मोठ्यानं. माझा चष्मा घरी हाय."

वेदिकेने माझ्याकडे पाहिलं. तिला काय वाटत होतं ते मला कळत होतं. तिने निवेदन पाहिलं नव्हतं. त्यात तिचं नाव आहे की नाही, हे तिला माहीत नव्हतं, आणि ते तिला स्वतःच्या तोंडाने, सासूसमोर, भर दुकानात वाचायचं होतं.

ती वाचू लागली. 'फोटोत पिशवीत पीठ दिसतं' इथे ती अडखळली.

"पुढं वाच," मंगलाबाई म्हणाल्या.

"रिकामी चांगली पिशवी... धुऊन वापरणं घराघरांत चालतं, आमच्याही घरी. त्यात कोणाचा दोष आम्ही काढत नाही." ती थांबली. पुढची ओळ पाहिली, त्यापुढची पाहिली, आणि शेवटपर्यंत बोट फिरवलं. नाव कुठेच नव्हतं. मग तिने बाकीचं अगदी घाईने वाचून टाकलं.

मंगलाबाई कागदाकडे बघत होत्या. कुबट वास, दळून साठवू नका, हे त्यांनी ऐकलं होतं.

"पीठ," त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "तू साहेबांना दिलंस ना ते? मला वॉर्डातल्या नर्सबाईनं सांगितलं. मी वाट बघत होते, तू मला कधी सांगतीस."

"आई, मी..."

"गप. तुला दळून आणायला कोणी सांगितलं होतं? मी. पिशवी धुऊन त्यात भर, चांगली हाय, फेकू नको, हे कोण म्हणलं? मीच. दर साली मीच करते, माझी सासू करायची. पोरीनं फक्त ऐकलं. मला आधी वाटलं, एकादशीला दुकानची नवी पिशवी फोडून दळलं, म्हणून ह्यांना बोलले." त्या गर्दीकडे वळल्या आणि आवाज चढवला, आजारी बाईला चढवता येईल तेवढा. "ऐका गं! पीठ आमच्या घरचं होतं. बाजारातून सुटी आणलेली भगर. ह्यांची नव्हती. सुनेला कोणी बोललं तर माझ्याशी गाठ हाय."

मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ए, तू मिलवाला ना? काढ तुझा फोन. माझा आवाज घे. तो जसा फिरला, तसा हाही फिरव. पोरीचा नको घेऊ."

मी फोन पुढे धरला. गेले काही दिवस मला ज्या ज्या शब्दांत ओरडायचं होतं, त्यातला एकही त्या बाईने वापरला नाही. ती नुसतं सांगत गेली, काय आणलं, कुठे ठेवलं, किती दिवस. मोतीराम शेट मागच्या खोलीत गेले आणि एक खोकं उचलून पुढे आणून ठेवलं. मंगलाबाईंनी त्यातली अर्ध्या किलोची पिशवी काढली, तारीख सुनेकडून वाचून घेतली आणि आपल्या थैलीत टाकली.

मी दुकानाबाहेर येऊन ताईंना फोन लावला. पलीकडे नेहमीसारखं चावणं चाललं होतं, म्हणजे मिलमध्ये अडकून पडलेल्या बॅचची भगर शिजली होती. मी सगळं एका दमात सांगितलं, मंगलाबाई काय म्हणाल्या, आवाज घेतलाय, खोकी पुढे आलीत. ताई ऐकत राहिल्या. घास संपला, पाण्याचा घोट घेतल्याचा आवाज आला.

"सून कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी वळून काचेतून पाहिलं. वेदिका रडत होती, आणि मंगलाबाई पदराने तिचं तोंड पुसत तिच्यावरच खेकसत होत्या.

"सासूजवळ आहे," मी म्हणालो.

"मग जाऊ दे गाडी," ताई म्हणाल्या.